भिंतीलगतचा चिकटवलेला कपलर काढायचा, पण पाइप वाचवायचा

सोल्युशन लावून बसवलेला पीव्हीसी जोड पाना लावून पिळला तरी सुटत नाही. सोल्युशन दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवते आणि सुकल्यावर ते एकमेकांत मिसळून जातात. जोर लावला तर आतला पाइपच तडकतो. म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंना भरपूर पाइप मोकळा असेल, तर कपलर वाचवत बसू नका. तो सरळ कापून टाका आणि मध्ये नवा तुकडा दोन कपलरने जोडा.

खरी अडचण येते ती भिंतीतून दोन-तीन इंचच पाइप बाहेर असतो आणि कपलर त्यावरच गळतो तेव्हा. तिथे असे करा. मुख्य व्हॉल्व्ह बंद करून लाइन रिकामी करा. कपलरच्या आत मधोमध एक कड असते, दोन्ही पाइप तिथे टेकतात. त्या कडेच्या भिंतीकडील नव्हे, पलीकडच्या बाजूला आडवा काप घ्या. भिंतीतल्या पाइपची लांबी कमी होणार नाही.

आता तोंडाकडून पाहा. आत पाइपचे कडे, बाहेर कपलरचे कडे आणि मध्ये जोडाची बारीक रेघ दिसते. ही रेघ हाच तुमचा मापदंड. हॅकसॉच्या पानाने कपलरवर लांबीच्या दिशेने खाच पाडा आणि दर थोड्या वेळाने तोंडाकडून खोली तपासा. रेघेच्या अलीकडे पापुद्र्याएवढी जाडी उरली की थांबा. समोरच्या बाजूलाही तशीच खाच पाडा. मग चपट्या स्क्रूड्रायव्हरचे टोक खाचेत घालून हलके फिरवा. उरलेला पापुद्रा तडकतो. सोल्युशन नीट लागले नव्हते तिथे तुकडा लगेच सुटेल. पक्का बसला असेल तर आणखी खाचा पाडून अरुंद पट्ट्या काढा.

हीट गन वापरायची असेल तर कमी आचेवर, सतत हलवत वापरा आणि खिडकी उघडी ठेवा. पीव्हीसी साधारण ८० अंश सेल्सिअसला मऊ पडते आणि आतला पाइपही त्याच साहित्याचा आहे. तो लंबगोल झाला की नवा कपलर बसत नाही. गॅसची ज्योत नकोच. पीव्हीसी करपले तर घशाला झोंबणारा, घातक धूर निघतो.

राहिलेले थर बारीक पॉलिश पेपरने, गोलाकार फिरवत काढा. नंतर पाइपवरून नख फिरवा. आडवा ओरखडा एकवेळ चालेल, पण लांबीच्या दिशेने नख अडकेल इतकी खाच नको. पाणी त्याच वाटेने बाहेर येते आणि सोल्युशन तशी फट भरत नाही. खाच टोकाजवळच असेल आणि उरलेला पाइप नव्या कपलरच्या खोलीइतका भरत असेल, तर तेवढे टोक कापून टाका.

शेवटी सोल्युशन न लावता नवा कपलर घालून पाहा. निम्म्याच्या आसपास तो घट्ट व्हायला हवा. कपलर तळापर्यंत सैल उतरला तर पाइप जास्त घासला गेला आहे. तिथे सोल्युशन लावू नका, आम्हाला बोलवा.