scanf न्यूलाइन मागे का ठेवते : एका जुन्या निर्णयाची पार्श्वभूमी

`scanf` या इनपुट वाचणाऱ्या फंक्शनने आधी `%d` ने संख्या वाचली आणि लगेच `%c` ने एक अक्षर मागितले, तर दुसरा प्रश्न उत्तराची वाट न पाहताच पुढे सरकतो, ही सी भाषेतील जुनी आणि सर्वपरिचित अडचण आहे. तिचे खापर बहुधा "बफरमध्ये राहिलेल्या कचऱ्या"वर फोडले जाते. प्रत्यक्षात मागे राहिलेले कॅरेक्टर वापरकर्त्याने स्वतः टाइप केलेले असते आणि ते नियमानुसारच मागे राहिलेले असते. तो नियम कुठून आला आणि त्यावरच्या एका लोकप्रिय उपायाने एवढा घोळ का घातला, हे पाहण्यासाठी आधी मूळ प्रसंग जवळून पाहणे आवश्यक आहे.

```c
int age;
char ans;
scanf("%d", &age);
scanf("%c", &ans);
printf("%d\n", ans);
```

वापरकर्त्याने 25 टाइप करून एंटर दाबले असे समजू. एंटरची कळ मुळात 13 हा कोड पाठवते. युनिक्स पद्धतीच्या प्रणालींवर टर्मिनलचा ड्रायव्हर त्याचा 10, म्हणजे न्यूलाइन, करतो आणि मगच पूर्ण ओळ प्रोग्रामच्या हाती देतो. प्रोग्रामला अशा प्रकारे 50, 53 आणि 10 हे तीन बाइट मिळतात. `%d` पहिले दोन अंक स्वीकारते. संख्या संपली हे कळण्यासाठी त्याला तिसरा बाइट उचलून पाहावाच लागतो, आणि तो अंक नसल्यामुळे ते तो परत ठेवते. पुढचे `%c` नेमका तोच बाइट घेते आणि वरचा प्रोग्राम 10 छापतो. निदान करण्याची हीच सर्वांत सोपी रीत आहे: संशयित कॅरेक्टर `%c` ने छापले तर पडद्यावर फक्त एक रिकामी ओळ दिसते आणि काहीच उमगत नाही, तर `%d` ने छापले की 10 हा आकडा समोर येतो.

सीच्या आधीच्या भाषांना हा प्रश्न अशा स्वरूपात पडला नव्हता. फोर्ट्रानमध्ये `READ` हे विधान नोंद हे एकक मानते. एका `READ` ने नोंदीतील दोनच आकडे घेतले, तरी पुढचे `READ` साधारणतः नव्या नोंदीपासून सुरू होते आणि उरलेला भाग आपोआप सुटतो. पास्कलने `read` आणि `readln` असे दोन मार्ग ठेवले, त्यामुळे ओळीचा उरलेला भाग टाकायचा की नाही हे प्रोग्राम लिहिणाराच ठरवतो. युनिक्सने मात्र फाइल म्हणजे नुसता बाइटांचा प्रवाह, अशी भूमिका घेतली. नोंद ही कल्पनाच उरली नाही आणि न्यूलाइन हा इतर बाइटांसारखाच एक बाइट झाला. अशा प्रवाहावर `scanf` बसवल्यावर ओळ संपली म्हणून काहीतरी टाकून देण्याचे काम कोणाकडेच राहिले नाही. `%d` च्या दृष्टीने स्पेस, टॅब आणि न्यूलाइन एकाच माळेचे मणी असतात. ते संख्येच्या आधी आले तर वगळले जातात, नंतर आले तर शिवले जात नाहीत. फक्त संख्याच वाचणाऱ्या प्रोग्रामला याचा फायदाच होतो, कारण दहा संख्या एका ओळीत दिल्या काय किंवा दहा ओळींत दिल्या काय, निकाल तोच येतो.

बिघाड होतो तो `%c` ला दिलेल्या अपवादामुळे. `%d`, `%f` आणि `%s` आधीची मोकळी जागा ओलांडतात, पण `%c` ओलांडत नाही. ही नजरचूक होती असे म्हणता येणार नाही. 1979 साली आलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीच्या मॅन्युअलमध्ये `%c` साठी मोकळी जागा वगळली जात नाही असे स्पष्ट लिहिलेले आहे, आणि मोकळ्या जागेनंतरचे पहिले अक्षर हवे असेल तर `%1s` वापरावे असे त्याच ठिकाणी सुचवलेले आहे. निर्णयामागचे तर्कशास्त्र समजण्यासारखे आहे, कारण `%c` नेही स्पेस वगळली असती, तर खुद्द स्पेस वाचण्याचा साधा मार्ग राहिला नसता. सुचवलेला उपाय मात्र निसरडा होता. `%1s` एक अक्षर वाचत असले तरी शेवटी शून्य बाइट जोडते, म्हणून त्याला दोन बाइटांची जागा लागते. वरच्या `ans` चा पत्ता त्याला दिला, तर दुसरा बाइट शेजारच्या स्मृतीवर लिहिला जातो, आणि त्याचे परिणाम कधी दिसतात, कधी दिसत नाहीत.

सी भाषेच्या 1989 च्या प्रमाणाने हे सर्व वर्तन जवळजवळ जसेच्या तसे कायम केले. फॉरमॅटमधील एखाद्या निर्देशाशी जुळत नसेल, तर मागची मोकळी जागा, न्यूलाइनसह, न वाचता राहते, असे प्रमाणात सांगितले आहे. तोपर्यंत लिहिलेला कोड मोडू नये म्हणून याहून वेगळे काही करणे कठीणच होते. त्याच प्रमाणाने बाजूला एक दुसरा निर्णय केला आणि वाद खरा पेटला तो त्यावरून.

तो निर्णय `fflush` विषयीचा. हे फंक्शन आउटपुटसाठी आहे: बफरमध्ये साठलेला मजकूर ते पुढे ढकलते. इनपुट प्रवाहावर ते चालवले तर काय व्हावे, हे प्रमाणाने ठरवलेच नाही आणि असे वर्तन अपरिभाषित म्हणून सोडून दिले. दरम्यान डॉस आणि पुढे विंडोजवरील काही लोकप्रिय कंपायलरांच्या लायब्ररींमध्ये `fflush(stdin)` न वाचलेले इनपुट पुसून टाकत असे. दोन प्रश्नांच्या मध्ये ही एक ओळ घातली की प्रोग्राम सुरळीत चालायचा. `%d` ला कोणी `abc` दिले तर तीनही अक्षरे जागच्या जागी राहतात आणि वाचनाचे चक्र अखंड फिरत राहते. ती अडचणही याच ओळीने सुटायची. साहजिकच ती नमुना-कोडमध्ये, वहीत आणि परीक्षेच्या उत्तरांत रुजली, आणि प्रमाणाने ती नाकारली आहे हे ती वापरणाऱ्या बहुतेकांपर्यंत पोहोचलेच नाही.

प्रमाणाने येथे हात झटकले, असा आक्षेप अनेकदा घेतला जातो. माझ्या मते तो पूर्णतः न्याय्य नाही, कारण "बफर रिकामा करा" या आज्ञेला ठरावीक अर्थच नाही. टर्मिनलवर एका वेळी एकच ओळ येते, म्हणून बफर रिकामा करणे म्हणजे त्या ओळीचा उरलेला भाग टाकणे, असा योगायोगाने सोयीचा अर्थ निघतो. आता तोच प्रोग्राम पाइपमधून चालवून पाहावा.

```
printf '25\ny\n' | ./a.out
```

येथे पाचही बाइट बहुधा एकाच वाचनात बफरमध्ये येतात. `25` घेतल्यानंतर बफर पुसला, तर न्यूलाइनबरोबर `y` हे उत्तरही नाहीसे होते आणि पुढच्या `scanf` ला इनपुट संपल्याचे कळते. म्हणजे किती मजकूर गमवायचा हे ओळीवर अवलंबून राहत नाही, लायब्ररीने त्या क्षणापर्यंत किती पुढचे वाचून ठेवले आहे यावर ते ठरते. एवढ्या अनिश्चित गोष्टीला नियमात बसवणार कसे?

पुढच्या काळात चित्र आणखी गुंतले. युनिक्स कुळातील प्रणालींसाठीच्या 2008 च्या प्रमाणाने इनपुटवरील `fflush` ला अर्थ दिला, पण तो तिसराच होता. फाइलमध्ये मागेपुढे जाता येत असेल, तर वाचनाची जागा प्रोग्राम जिथपर्यंत पोहोचला आहे तिथे आणून ठेवली जाते. बफर टाकला जातो, पण पुढचे वाचन त्याच जागेपासून सुरू होते. परिणामी `./a.out < data.txt` असे चालवले तर न्यूलाइन पुन्हा समोर हजर होते. लिनक्सवरच्या प्रचलित लायब्ररीत टर्मिनलवर तर `fflush(stdin)` ने न वाचलेले इनपुट हलतही नाही. विंडोजवरील मुख्य लायब्ररीनेही 2015 च्या पुनर्रचनेत जुने पुसण्याचे वर्तन काढून टाकले, आणि वर्षानुवर्षे बिनतक्रार चालणारे प्रोग्राम नव्या कंपायलरवर अचानक दुसरा प्रश्न गाळू लागले. त्या प्रोग्रामांत एका अक्षराचाही बदल झालेला नव्हता, म्हणून दोष कंपायलरला दिला गेला. तो तेथे नव्हता.

टिकाऊ उपाय मूळ रचनेतच होता. फॉरमॅटमधील एक स्पेस इनपुटमधील कितीही मोकळ्या जागेशी जुळते, शून्य जागेशीसुद्धा. म्हणून `%c` च्या आधी एक स्पेस पुरते.

```c
scanf(" %c", &ans);
```

स्पेस आधीच हवी. `"%d "` असे लिहून ती संख्येनंतर ठेवली, तर `scanf` मोकळी जागा संपण्याची वाट पाहत बसते. वापरकर्ता एंटर दाबत राहतो आणि दुसरे काही टाइप करेपर्यंत प्रोग्राम पुढे जात नाही. मध्ये एक `getchar()` घालण्याचा उपायही प्रचलित आहे, पण त्याला नेमके एकच कॅरेक्टर मागे राहिले आहे असे गृहीत धरावे लागते. कोणी `25` नंतर स्पेस देऊन एंटर दाबले, किंवा विंडोजवर तयार केलेली फाइल लिनक्सवर इनपुट म्हणून दिली, तर अनुक्रमे 32 आणि 10 किंवा 13 आणि 10 असे दोन बाइट उरतात; त्यातला पहिला `getchar()` खाते आणि दुसरा पुन्हा `%c` च्या वाट्याला येतो. `" %c"` दोन्ही ओलांडते.

सी++ ने या प्रश्नावर उलटा कौल दिला. तेथे `cin >> ans` अक्षर वाचतानाही मोकळी जागा वगळते आणि स्पेसच हवी असेल तर `cin.get` वापरावे लागते. अडचण त्याने संपली नाही, फक्त जागा बदलली: संख्येनंतर `getline` बोलावले की रिकामी ओळ हाती येते, कारण संख्येमागची न्यूलाइन तेथेही जागेवरच असते.

वापरकर्ता `abc` देईल ही शक्यता धरायची असेल, तर `" %c"` अपुरे पडते. तेव्हा `fgets` ने पूर्ण ओळ आधी एका ॲरेमध्ये घ्यावी आणि मग ती `sscanf` किंवा `strtol` ने तपासावी. ओळ न्यूलाइनसह उचलली गेल्यामुळे पुढच्या वाचनासाठी मागे काही राहत नाही. अट एवढीच की ॲरे पुरेसा मोठा हवा. 100 बाइटांच्या ॲरेत `fgets` जास्तीत जास्त 99 कॅरेक्टर घेते, आणि ओळ त्याहून लांब असेल तर तिचे शेपूट न्यूलाइनसकट पुढच्या वाचनाच्या वाट्याला जाते. म्हणून वाचलेल्या मजकुरात `strchr` ने न्यूलाइन शोधावी, आणि इनपुट संपलेले नसताना ती सापडली नाही, तर उरलेली ओळ `getchar()` च्या चक्राने न्यूलाइन किंवा `EOF` येईपर्यंत वाचून टाकावी. त्या चक्रातील चल मात्र `char` नको, `int` हवे, कारण `EOF` हे कोणत्याही कॅरेक्टरच्या मूल्यापेक्षा वेगळे राहावे लागते.