पीपीटीपी प्रोटोकॉल

पीपीटीपी (पॉइंट-टू-पॉइंट टनेलिंग प्रोटोकॉल) ही व्हीपीएन जोडणीची १९९०च्या दशकातली पद्धत आहे. ती मायक्रोसॉफ्ट आणि इतर काही कंपन्यांनी मिळून घडवली आणि विंडोजमध्ये आयती मिळत असल्याने सर्वत्र पसरली. आज ती असुरक्षित मानतात आणि पासवर्ड कितीही मोठा ठेवला तरी त्यात फरक पडत नाही.

याचे कारण ओळख पटवण्याच्या पद्धतीत आहे. पीपीटीपीसोबत सहसा एमएस-चॅप व्ही२ वापरतात. त्यात पासवर्डपासून १६ बाइटचा एनटी हॅश, म्हणजे पासवर्डचा ठरावीक लांबीचा ठसा, बनतो. त्यापुढे ५ शून्य बाइट जोडून ७-७ बाइटचे तीन तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकडा डीईएस या जुन्या सायफरची किल्ली म्हणून वापरतात. तिसऱ्या तुकड्यात खरे बाइट दोनच उरतात, म्हणजे शक्यता फक्त ६५,५३६; साधा संगणकही त्या क्षणात तपासतो. उरलेल्या दोन किल्ल्या एकच मजकूर कूटबद्ध करतात. त्यामुळे डीईएसच्या सगळ्या २^५६ किल्ल्या एकदाच तपासल्या की दोन्ही हाती लागतात. २०१२ साली मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन यांनी डेफकॉन परिषदेत हेच दाखवले. त्यांच्या ४८ एफपीजीए चिपांच्या यंत्राला या कामाला फार तर २३ तास लागत.

असा मिळालेला हॅश पासवर्डइतकाच उपयोगी पडतो. जोडणीतला मजकूर झाकणाऱ्या एमपीपीईच्या किल्ल्याही त्याच्यापासूनच बनतात. म्हणून जोडणीच्या सुरुवातीची देवाणघेवाण आणि पुढची वाहतूक कुणी टिपून ठेवली असेल, तर ती वर्षांनंतरही उलगडता येते. शिवाय एमपीपीई आरसी४ हा जुना, कमकुवत सायफर वापरते आणि मजकूर वाटेत बदलला का, हे तपासतच नाही. अ‍ॅपलने २०१६ मध्ये, आयओएस १० आणि मॅकओएस सिएरात, पीपीटीपीची सोय काढून टाकली.

पर्याय म्हणून नवी उभारणी असेल तर वायरगार्ड सर्वांत सोपे: प्रत्येक उपकरणाची स्वतःची किल्लीजोडी असते, पासवर्ड नसतो. ते यूडीपीवर चालते, त्यामुळे काही हॉटेलांच्या किंवा कार्यालयांच्या वाय-फायवर अडते. तिथे टीसीपी ४४३ वरचे ओपनव्हीपीएन चालून जाते. विंडोज, आयफोन यांच्या अंगभूत सोयीनेच भागवायचे असेल तर आयकेईव्ही२ घ्यावे. नुसते एलटूटीपी घेण्यात अर्थ नाही. आयपीसेक जोडल्याशिवाय त्यात कूटबद्धता नसतेच.

विंडोजवर जुनी जोडणी कोणत्या प्रकारची आहे, हे पॉवरशेलमध्ये कळते:

```
Get-VpnConnection | Select Name, TunnelType
```

उत्तरात `Pptp` दिसले तर जोडणी बदलावी. `Automatic` दिसले तरी निर्धास्त राहू नये, कारण त्यात विंडोज पीपीटीपीही वापरून पाहू शकते. सर्व्हरवरचे टीसीपी पोर्ट १७२३ आणि पीपीटीपीचा मजकूर वाहून नेणारा जीआरई प्रोटोकॉल ही दोन्ही दारे बंद करावीत. पीपीटीपीवर वापरलेले पासवर्डही बदलावेत, विशेषतः तेच विंडोज डोमेनच्या लॉगिनचे असतील तर, कारण फुटलेला एनटी हॅश तिथेही चालतो.