दीड टक्का वाढ आणि k ची किंमत

२००१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ९.६९ कोटी होती, २०११ मध्ये ती ११.२४ कोटी झाली. चक्रवाढीने हिशेब केला तर ही वाढ दरवर्षी सरासरी १.४९५ टक्के पडते. हीच वाढ P = P₀e^(kt) या सूत्रात बसवायची असेल, तर k किती घ्यायचा? बहुतेक जण टक्क्यांचा दशांश करून थेट ०.०१४९५ लिहून मोकळे होतात. उत्तर जवळपास बरोबर येतं, म्हणून ही चूक सहसा लक्षातही येत नाही.

वार्षिक दराचा अर्थ एवढाच की वर्षाअखेरीस आकडा १.०१४९५ पट झालेला असतो. e^(kt) मध्ये मात्र वाढ वर्ष संपायची वाट पाहत नाही. ती क्षणोक्षणी मुद्दलात मिळते आणि तिच्यावरही पुढची वाढ चढते. त्यामुळे k = ०.०१४९५ ठेवला, तर वर्षाअखेरीस आकडा १.०१४९५ पटीच्या थोडा पुढे जातो. आपल्याला हवा असलेला k असा, की एका वर्षानंतर दोन्ही हिशेब एकाच ठिकाणी पोचतील:

e^k = 1.01495
k = ln(1.01495) ≈ 0.01484

म्हणजे टक्क्यांचा दशांश करा, त्यात १ मिळवा आणि नैसर्गिक लॉगॅरिदम घ्या. एक मिळवायला विसरलात तर ln(0.01495) ही मोठी ऋण संख्या येते आणि वाढणारी लोकसंख्या सूत्रात झपाट्याने घटू लागते. ही चूक निदान लगेच दिसते. कॅल्क्युलेटरवर ln ऐवजी log दाबलं तर ०.००६४ मिळतं, ते तितकं उघड चुकीचं वाटत नाही. दर लहान असेल तेव्हा k त्याच्यापेक्षा किंचितच कमी असतो. तो निम्म्याहूनही खाली आला, तर बटण चुकलं असं समजावं.

०.०१४९५ आणि ०.०१४८४ यांतला फरक क्षुल्लक वाटतो खरा. पण दहा वर्षांचं गणित केलं, तर पहिल्या आकड्याने २०११ ची लोकसंख्या सुमारे सव्वा लाखाने जास्त येते. दर मोठा असेल तर मग विचारायलाच नको. वर्षाला ३० टक्के वाढणारी गोष्ट दहा वर्षांत १३.८ पट होते. k = ०.३० ठेवला तर उत्तर २०.१ पट येतं, कारण खरा k ०.२६२ आहे. दर घटीचा असेल तर तो वजा करायचा: ३० टक्के घट म्हणजे k = ln(0.70), सुमारे −०.३५७. इथे k चा आकडा दरापेक्षा मोठा निघतो, आणि ते बरोबरच आहे.

t वर्षांऐवजी महिन्यांत मोजायचा असेल, तर k ला सरळ १२ ने भागा. वार्षिक टक्क्यांना १२ ने भागून तो मासिक दर धरला, तर मात्र चक्रवाढीमुळे वर्षाचा आकडा वाढून येतो.