सव्वीस की तीस? इंदूरच्या किमान वेतनामागचा भागाकार

एप्रिल २०२४ची एक पगारपावती आमच्या रामबागेतल्या शेजाऱ्यांनी दाखवायला आणली होती. त्यांचा मुलगा सांवेर रोडवरच्या एका गोदामात ठेकेदाराकडे हेल्पर आहे. पावतीवर दर होता ३९३.३३ रुपये, हजेरी २६ दिवस आणि एकूण १०,२२७ रुपये. ठेकेदार म्हणत होता, "सरकारचा नवा रेट ११,८००च लावलाय." तेही खोटं नव्हतं, कारण ३९३.३३ म्हणजे ११,८०० भागिले ३०.

गोम त्या तिसातच आहे. मध्य प्रदेशात अकुशल कामगाराचा महिन्याचा दर ठरवताना साप्ताहिक सुट्टीचा पगार त्यातच धरलेला असतो, म्हणून रोजचा दर काढायला २६ने भागतात. त्या हिशेबाने रोज ४५३.८५ रुपये होतात. एप्रिलमध्ये चार रविवार होते आणि पोरगा उरलेले सगळे २६ दिवस कामावर होता, म्हणजे त्याला पूर्ण ११,८०० मिळायला हवे होते. ठेकेदाराने ३०ने भागून रविवारचे पैसे कापले, आणि १,५७३ रुपये गेले. आता जुना दर बघा. तो १०,१७५ होता, २६ने भागला की रोजचे ३९१.३५. म्हणजे दहा वर्षांनी झालेली वाढ एका भागाकारात जवळजवळ सगळी जिरली, रोजच्या दोन रुपयांच्या फरकावर आली.

दहा वर्षं का लागली, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. किमान वेतन कायदा १९४८चा. दर ठरवायचे राज्य सरकारने, एकतर समिती नेमून किंवा मसुदा राजपत्रात छापून हरकतींसाठी किमान दोन महिने देऊन. सल्लागार मंडळात मालक आणि कामगार बरोबरीने, शिवाय काही स्वतंत्र सदस्य. आकडा कशावर बेतायचा, ते कायद्यात नव्हतं. १९५७च्या भारतीय श्रम परिषदेने ते ठरवलं. कमावणारा एक, पण हिशेब तीन माणसांच्या खाण्याचा, त्यात कापड आणि भाडं, आणि इंधन-दिव्यासारख्या खर्चाला एकूण वेतनाचे २० टक्के. पुढे १९९१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांचं शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के धरायला सांगितलं.

मूळ दराचा फेरविचार पाच वर्षांच्या आत व्हायला हवा, असं कायदा सांगतो. मध्ये दर सहा महिन्यांनी, १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला, इंदूरच्या श्रमायुक्त कार्यालयातून महागाई भत्त्याचा आकडा निघतो. तो किंमत निर्देशांकावर चालतो. पण भत्ता वाढत्या भावांच्या मागे धावतो, मूळ दर हलवत नाही. आमच्याकडे २०१४नंतरचा पुढचा मूळ दर एप्रिल २०२४पासून लागू झाला. लोक त्याला अजून 'कलेक्टर रेट'च म्हणतात.

तोही टिकला नाही. कापड गिरण्यांच्या संघटनेने उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात धाव घेतली, मे महिन्यात स्थगिती मिळाली आणि श्रमायुक्तांनी जुने दर लावायला सांगितले. स्थगिती उठली डिसेंबरात. गिरणगाव म्हणून वाढलेल्या या शहरात गिरण्यांच्याच अर्जाने वाढ अडावी, हे मला जरा खटकलं.

तपासणीचं म्हणाल, तर इन्स्पेक्टर मस्टर आणि वेतनपत्रक बघतो. मात्र ३०ने भागलेला आकडा कागदावर सगळ्या बेरजा जुळवून बसलेला असतो. महिन्याचा मूळ दर शेजारी ठेवल्याशिवाय तो दिसत नाही. ठेका कामगार कायद्यात ज्याच्या आवारात काम होतं त्या मुख्य मालकाचा माणूस पगारवाटपाला हजर असावा, आणि ठेकेदाराने कमी दिलं तर फरक मालकाने भरावा, अशी तरतूद होती. या मुलाच्या गोदामात तो माणूस सही करून जाई. मोजत कोणी नव्हतं.

दाव्याला १९४८च्या कायद्यात सहा महिन्यांची मुदत होती. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या वेतन संहितेत ती तीन वर्षं झाली. फरकाच्या दहापटीपर्यंत भरपाईची तरतूद दोन्हीकडे आहे. तक्रारीला हजेरीकार्ड, बँक पासबुक आणि पावती लागते, तीही महिनावार. ठेकेदार बदलला की मागचं मस्टर मिळणं कठीण.

शेजाऱ्यांच्या मुलाने तक्रार दिली नाही. पावतीवर २६चं गणित लिहून त्याने ती गोदामाच्या हिशेबनिसाला दाखवली, आणि पुढच्या पावतीत फरक आला, १,५७३ रुपये. त्याच पावतीत दर मात्र स्थगितीमुळे खाली उतरला होता.