थकीत भाडं आणि व्याजावर व्याज

‘तीन महिन्यांचं भाडं थकलंय. मालक म्हणतात, व्याजावर व्याज लागतंच, कायदाच तसा आहे. खरं का?’

नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 15 मध्ये भाडेकरूने समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत थकबाकी भरताना वर्षाला 15 टक्के, तेही सरळ व्याज सांगितलं आहे. लिव्ह अँड लायसन्सला हे कलम लागू नाही. तिथे आधी करार वाचा. चक्रवाढ लिहिलेलं नसेल तर ती गृहीत धरता येत नाही.

समजा भाडं 20,000, देय तारीख 5. एप्रिल, मे, जून थकले आणि 5 जुलैला सगळे भरले. 15 टक्क्यांनी महिन्याला 250 रुपये. एप्रिलचे 750, मेचे 500, जूनचे 250, एकूण 1,500. दरमहा चक्रवाढीने साधारण 1,512.50. फरक जेमतेम साडेबारा रुपयांचा!

खरा घोळ वेगळाच असतो. अख्ख्या 60,000 वर तीन महिन्यांचं व्याज लावून 2,250 मागतात, म्हणजे 750 जास्त. जूनचं भाडं एकच महिना थकलेलं असतं. करारात 500 रुपये विलंब शुल्क असेल, तर ते वेगळ्या ओळीत दाखवायला सांगा; मुद्दलात मिसळलं की त्यावरही व्याज चढतं.