कॅमेरा वळताना चित्र अडखळते? टीव्ही सिनेमाच्या वेगाशी असा जुळवा

टीव्ही नवा, चित्र स्वच्छ, रंगही छान. पण सिनेमात कॅमेरा माडांच्या रांगेवरून सावकाश डावीकडून उजवीकडे फिरू लागला, की झाडे सरळ सरकत नाहीत, ठेचकाळत सरकतात. असे दिसले की पहिला संशय टीव्हीवर जातो, दुसरा इंटरनेटवर. बहुतेक वेळा दोन्ही निर्दोष असतात. इंटरनेट कमी पडले तर चित्र धूसर होते किंवा मध्येच थांबून गोल चक्र फिरू लागते. कॅमेरा वळतानाच, आणि तेही एका ठरावीक लयीत धक्के बसत असतील, तर सिनेमाचा वेग आणि टीव्हीचा वेग यांचे जुळलेले नाही असे समजावे. ते जुळवायला पैसे लागत नाहीत, सेटिंग लागते.

धक्का नेमका कुठून येतो

सिनेमात सेकंदाला २४ चित्रे असतात. टीव्हीला जोडलेली स्टिक किंवा बॉक्स मात्र सहसा सेकंदाला ६० चित्रे पाठवत असतो, म्हणजे ६० हर्ट्झ. ६० ला २४ ने भागले तर अडीच येतात आणि अर्धे चित्र दाखवता येत नाही. मग बॉक्स तडजोड करतो: एक चित्र तीनदा, पुढचे दोनदा, पुन्हा तीनदा, पुन्हा दोनदा.

५५ इंची टीव्हीचा पडदा साधारण १२२ सेंटिमीटर रुंद असतो. एखादा माड पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ५ सेकंदांत जातो असे धरा. ५ सेकंदांत १२० चित्रे, म्हणजे प्रत्येक चित्रागणिक माड जवळजवळ १ सेंटिमीटर पुढे सरकतो. हे प्रत्येक पाऊल ४२ मिलिसेकंदांनी पडायला हवे. प्रत्यक्षात एका जागी तो ५० मिलिसेकंद थांबतो, पुढच्या जागी ३३, मग पुन्हा ५०. पाऊल सारखे, पण थांबणे कमी-जास्त. डोळा त्या माडाचा संथपणे पाठलाग करत असतो, आणि माड कधी अपेक्षेपेक्षा किंचित मागे सापडतो, कधी किंचित पुढे. ही जोडी सेकंदाला १२ वेळा येते. लंगडणारी चाल दिसते ती यामुळे.

दोन माणसे बसून बोलत असतील तर यातले काहीच जाणवत नाही, कारण पडद्यावर फारसे काही सरकतच नाही. खांब, कठडे, खिडक्यांच्या चौकटी, झाडांची खोडे अशा उभ्या रेषा आडव्या सरकू लागल्या की दोष सर्वांत आधी दिसतो. तपासणीसाठी असाच प्रसंग निवडा.

दोन गोष्टी एकत्र जमाव्या लागतात

पहिली, बॉक्सने सिनेमा २४ हर्ट्झनेच पाठवायला हवा. दुसरी, टीव्हीच्या पॅनेलने ते प्रत्येक चित्र सारख्याच वेळा दाखवायला हवे. १२० हर्ट्झच्या पॅनेलवर हे सोपे आहे: प्रत्येक चित्र पाच वेळा, हिशेब चोख. ६० हर्ट्झच्या पॅनेलचे तसे नाही. काही टीव्ही २४ चा सिग्नल मिळताच पॅनेल ४८ वर चालवतात आणि प्रत्येक चित्र दोनदा दाखवतात. काही मात्र आत आलेले २४ पुन्हा ६० करून टाकतात. अशा टीव्हीवर बॉक्सची सेटिंग कितीही बदलली तरी धक्का तसाच राहतो, आणि ते आधी माहीत असलेले बरे.

टीव्ही घेताना खोक्यावरच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका. गतीसंबंधी जाहिरातीतला २०० किंवा २४० हा आकडा म्हणजे पॅनेलचा वेग नव्हे. तपशीलपत्रकात ‘नेटिव्ह रिफ्रेश रेट’ किती लिहिला आहे ते बघा; खरा आकडा तोच.

बॉक्सची सेटिंग

बॉक्सचा आउटपुट कायमचा २४ वर अडकवून ठेवू नका. मेनू संथ होतो, रिमोटचे बटण दाबल्यावर प्रतिसाद उशिरा येतोसा वाटतो आणि क्रिकेट तर बघवत नाही. नेहमीचा आउटपुट ६० किंवा ५० असू द्या आणि सिनेमा सुरू झाल्यावर बॉक्सने आपणहून वेग बदलावा अशी सोय चालू करा.

अॅपल टीव्हीवर Settings → Video and Audio → Match Content मध्ये जा आणि Match Frame Rate चालू करा. फायर टीव्हीवर Settings → Display & Sounds → Display मध्ये Match Original Frame Rate आहे. गूगल टीव्हीच्या बॉक्सवर Display & Sound मध्ये Match content frame rate सापडेल. तिथे एक फसगत होते. Seamless हा पर्याय नावाने चांगला वाटतो, पण त्याचा अर्थ ‘पडदा काळा न होता जमत असेल तरच वेग बदल’ असा आहे. पुष्कळ टीव्हींना तसे जमत नाही, त्यामुळे वेग बदलतच नाही. Non-seamless निवडा. पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवरचे सिनेमे कोडी या प्लेअर अॅपमधून बघत असाल तर Settings → Player → Videos → Adjust display refresh rate इथे On start / stop ठेवा.

ही सोय चालू केल्यावर सिनेमा सुरू होताना आणि संपताना पडदा एक-दोन सेकंद काळा होतो. बॉक्स आणि टीव्ही नव्या वेगावर एकमेकांशी जुळवून घेत असतात, तो बिघाड नव्हे. बॉक्स आणि टीव्ही यांच्या मध्ये साउंडबार जोडलेला असेल तर पहिले एखादे वाक्य ऐकू न येण्याचाही संभव असतो; सिनेमा दहा सेकंद मागे घ्या.

सगळी अॅप्स आपल्या चित्राचा वेग बॉक्सला कळवत नाहीत. एका अॅपमध्ये सिनेमा सरळ सरकतो आणि दुसऱ्यात अडखळतो, असे झाले तर सेटिंग पुन्हा पुन्हा उलटसुलट करू नका. अडचण त्या अॅपमध्ये आहे. तेच अॅप टीव्हीच्या आत असेल तर सिनेमा तिथून लावून बघा. १२० हर्ट्झच्या टीव्हीत ते बऱ्याचदा नीट चालते.

आणि केबल बदलायची गरज नाही. ४के चित्र २४ हर्ट्झने पाठवायला ६० हर्ट्झपेक्षा केबलवर भार कमीच पडतो. जी एचडीएमआय केबल आज ६० वर चालते आहे ती २४ वर नक्की चालेल.

टीव्हीची सेटिंग

बॉक्स २४ पाठवू लागला तरी टीव्हीतली सिनेमाची सोय चालू असावी लागते. सोनीवर तिचे नाव CineMotion आहे, एलजीवर Real Cinema. मेनूतली जागा मॉडेलच्या वर्षाप्रमाणे बदलते, पण ती चित्राच्या प्रगत सेटिंगमध्ये, गतीच्या सदराखाली असते.

तिथेच शेजारी आणखी एक गोष्ट असते: सोनीवर Motionflow, एलजीवर TruMotion, सॅमसंगवर Picture Clarity. तिचे काम वेगळे आहे. दोन खऱ्या चित्रांच्या मधली चित्रे टीव्ही स्वतः तयार करून घालतो. पुरती चढवली की सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसू लागतो आणि चालणाऱ्या माणसाच्या कडेला पाण्यासारखी थरथर दिसते. आमचे मत स्पष्ट आहे: आधी वेग जुळवा, ही सोय बंद ठेवा, आणि मगच तिची गरज आहे का ते ठरवा. वेग न जुळवता ती चढवणे म्हणजे दुखणे तसेच ठेवून वर लेप लावणे.

सेट-टॉप बॉक्सवरचे सिनेमे

भारतात टीव्हीचे प्रसारण ५० हर्ट्झचे आहे. सिनेमा २४ चा असला तरी प्रसारणासाठी तो बहुधा २५ च्या वेगाने चालवतात. १५० मिनिटांचा सिनेमा त्यामुळे १४४ मिनिटांत संपतो. ५० मध्ये २५ बरोबर दोनदा बसतात, म्हणून इथे धक्का बसायचे कारण नाही. तरीही बसत असेल तर सेट-टॉप बॉक्सच्या व्हिडिओ आउटपुटमध्ये ६० हर्ट्झ निवडलेले आहे का ते बघा. तसे असेल तर पाच चित्रे दोन, तीन, दोन, तीन, दोन अशी वाटली जातात आणि नसलेला दोष घरात येतो. आउटपुट ५० हर्ट्झवर आणा.

जमले की नाही, हे मोबाइलवर मोजा

टीव्हीच्या माहितीपट्टीत २४ दिसले तर बॉक्सने आपले काम केले इतके कळते. पॅनेलने केले का, हे मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये कळते. कॅमेरा २४० फ्रेमवर ठेवा, मोबाइल टेकवून स्थिर करा आणि कॅमेरा वळतानाचा प्रसंग दोन सेकंद टिपा. मग तो व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत बघा. एक खांब निवडा आणि तो एका जागी किती फ्रेम थांबतो ते मोजा. १२, ८, १२, ८ असे आले तर अजून तीन-दोनची लंगडी चाल चालू आहे. दरवेळी १० च्या आसपास आले तर जुळले. एखाद्या फ्रेमचा फरक मोबाइलमुळे येतो, तो सोडून द्या. एलईडी टीव्हीत दोन चित्रे किंचित एकमेकांत मिसळलेली दिसतील. ओलेडवर बदल स्वच्छ दिसतो.

एक बारीक दोष या मोजणीत सापडत नाही. सिनेमा सगळा सरळ सरकतो, पण साधारण दर ४२ सेकंदांनी एकच झटका बसतो. पुष्कळ सिनेमांचा घरगुती वेग खरे तर २४ नसून २३.९७६ असतो. बॉक्स नेमका २४ पाठवत असेल तर तेवढ्या वेळात एक चित्र कमी पडते आणि आधीचेच दोनदा दाखवले जाते. बॉक्सच्या आउटपुट यादीत २४ आणि २३.९७६ (काही ठिकाणी २३.९८ लिहिलेले असते) वेगवेगळे आहेत का ते बघा. फक्त २४ च असेल तर तो झटका त्या बॉक्ससोबत राहणार.

जुळल्यानंतरही जे उरते

सेकंदाला २४ चित्रे ही मुळात थोडी आहेत. कॅमेरा झपकन वळला तर दोन चित्रांमधले अंतर मोठे होते आणि हलकी थरथर थिएटरातही दिसते. म्हणूनच एखादी वस्तू पडद्याच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत जायला सुमारे ७ सेकंद द्यावेत, असा छायालेखकांचा जुना दंडक आहे. ओलेडवर ही थरथर जास्त जाणवते, कारण त्याचे पॅनेल चित्र क्षणात बदलते आणि पुढच्या चित्रापर्यंत ते जराही न विरघळता धरून ठेवते. ही थरथर सम असते, लंगडी नसते. फरक ओळखायची खूण तीच. ती फारच खुपत असेल तर इथे गतीची सोय थोडी वापरायला हरकत नाही: एलजीवर Cinematic Movement, सोनीवर Smoothness सर्वांत खालच्या पायरीवर, सॅमसंगवर Judder Reduction २ किंवा ३. कडांना पाण्याची थरथर दिसू लागली की एक पायरी खाली या.

एवढे करूनही धक्का राहिला तर आम्हाला फोन करण्याआधी चार गोष्टी लिहून ठेवा: टीव्हीचा मॉडेल क्रमांक, बॉक्सचे नाव, कोणते अॅप, आणि सिनेमाच्या कितव्या मिनिटाला धक्का दिसतो. स्लो मोशनचा व्हिडिओ जपून ठेवलात तर दोष बॉक्समध्ये आहे की पॅनेलमध्ये, हे घरी न येताही सांगता येते.