खाज जांघेत आहे की पिशवीवर?

पावसाळा सुरू झाला की खानापूर, निपाणी, चिकोडी अशा भागांतून बेळगावला माझ्याकडे येणाऱ्या पुरुष रुग्णांत एक तक्रार हमखास वाढते. सांगताना मात्र बहुतेकांची नजर जमिनीकडे असते. "डॉक्टर, तिकडं खाज आहे," एवढे बोलून खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, शेवटच्या थेंबापर्यंत पिळून चपटी झालेली मलमाची नळी टेबलावर ठेवली जाते. तिच्यावरची अक्षरे पुसट झालेली असली, तरी निम्मे निदान बहुधा त्या नळीवरच छापलेले असते.

'तिकडची' प्रत्येक खाज म्हणजे गजकर्ण, हा समज आपल्याकडे पक्का आहे. गजकर्ण, म्हणजे त्वचेच्या बुरशीचा संसर्ग, या भागात होतो हे खरेच आहे. पण ही बुरशी बहुतेक वेळा जांघेच्या घडीत आणि मांडीच्या आतल्या बाजूला पसरते आणि वृषणकोशाची, म्हणजे अंडाच्या पिशवीची त्वचा सहसा सोडून देते. मांडीवर तिचा चट्टा नकाशातल्या बेटासारखा दिसतो: कडा उंच, लालसर आणि कोंडा धरलेली, तर मधला भाग त्यामानाने शांत. याउलट जांघ स्वच्छ असून केवळ पिशवीचीच त्वचा खाजत असेल, तिच्यावर पातळ खपल्या असतील, सुरकुत्या जाड आणि खोल झाल्या असतील आणि कडा कुठे संपते ते सांगता येत नसेल, तर इसबाचा, म्हणजे एक्झिमाचा, संशय आधी घ्यावा. पिशवीवर बसणारी बुरशी मुळीच नसते असे नाही. कॅन्डिडा नावाची यीस्ट तिथे वाढू शकते, विशेषतः मधुमेह असल्यास, आणि मुख्य लाल भागाच्या बाहेर ती बारीक पुटकुळ्या विखरून ठेवते. घरातल्या इतरांनाही रात्री खाज येत असेल आणि पिशवीवर वाटाण्याएवढ्या गाठी असतील, तर खरजेचा विचार करावा लागतो.

इसब नेमके याच जागी एवढे चिवट का होते, याचे उत्तर त्या त्वचेच्या रचनेत आहे आणि मला स्वतःला हा भाग फार आवडतो. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. विटांच्या भिंतीप्रमाणे या पेशी एकमेकींवर रचलेल्या असतात आणि त्यांच्यामधल्या फटी स्निग्ध पदार्थांच्या गिलाव्याने भरलेल्या असतात. तळहातावर ही भिंत जाड असते, तर पिशवीवर अगदी पातळ. 1967 मध्ये फेल्डमन आणि मायबाक या अमेरिकी संशोधकांनी शरीराच्या निरनिराळ्या जागांवर हायड्रोकॉर्टिसोन लावून त्यातले किती आत शिरते हे मोजले. हाताच्या पुढच्या भागातून शिरणारे प्रमाण 1 धरले, तर कपाळातून ते सुमारे 6 पट आणि वृषणकोशातून सुमारे 42 पट भरले. प्रयोगातली माणसे थोडी होती, त्यामुळे 42 हा आकडा काटेकोर मानू नये. पण ही जागा शरीरातल्या सर्वांत सच्छिद्र दारांपैकी एक आहे, हे त्यातून स्पष्ट होते.

दार उघडे असले की आत फक्त औषधच जाते असे नाही. अंगाचा साबण अल्कधर्मी असतो आणि त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी. साबण चोळला की गिलावा विरघळतो, आणि घाम, डिटर्जंटचा अंश, जंतुनाशकाचे थेंब थेट जिवंत पेशींपर्यंत पोहोचतात. तिथे दाह सुरू झाला की खाज आणणारे चेतातंतू जागे होतात. खाजवल्यावर होणारी बारीक वेदना मज्जारज्जूमध्ये खाजेचा संदेश काही मिनिटे दाबून टाकते, म्हणूनच खाजवताना इतके बरे वाटते. पण नखांनी भिंत आणखी फुटते, पेशी दाहाची रसायने पुन्हा सोडतात आणि स्वतःला वाचवण्यासाठी त्वचा जाड होत जाते. ही जाड त्वचा आणखी खाजते. रात्री मन दुसऱ्या कशात गुंतलेले नसते, तेव्हा हे चक्र सर्वांत वेगाने फिरते आणि कित्येकजण झोपेतच खाजवतात.

उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत भट्टीपाशी काम करणाऱ्या चाळिशीच्या गृहस्थांचे उदाहरण देतो. दोन पावसाळ्यांपूर्वी त्यांच्या मांडीवर गोल चट्टा उठला. औषधाच्या दुकानातून त्यांनी आणलेल्या मलमात क्लोबेटासोल हे अत्यंत तीव्र स्टेरॉइड, एक बुरशीनाशक आणि एक प्रतिजैविक, असे तिन्ही एकत्र होते. "लावलं की तीन दिवसांत गप्प बसतंय, सोडलं की परत सुरू," हे त्यांचे वर्णन अचूक होते. स्टेरॉइड दाह दाबते म्हणून खाज थांबते, पण त्याच वेळी त्वचेची प्रतिकारशक्तीही दबते आणि बुरशी निवांत पसरते. तीच नळी ते पिशवीवरही लावत होते, जिथे औषध कितीतरी अधिक शिरते. तिथे स्टेरॉइडचा असा वापर चालू राहिला, तर त्वचा विरळ व लालभडक होते आणि मलम बंद करताच आग होऊ लागते. 2018 मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तो कितपत पाळला जातो, हे त्या टेबलावरच्या नळीने सांगितले.

कोणी त्यांना हा उष्णतेचा विकार सांगून वांगे आणि अंडी बंद केली होती, तर कोणी लिंबू चोळायला लावले होते. वांग्याचा यात काही संबंध नाही, आणि फुटलेल्या भिंतीवर आम्लाचा रस ओतणे ही तर स्वतःलाच केलेली शिक्षा आहे.

आम्ही मांडीवरच्या चट्ट्याच्या कडेचा आणि पिशवीवरचा कोंडा वेगवेगळ्या काचपट्ट्यांवर खरवडून घेतला, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पेशी विरघळल्यावर मांडीच्या नमुन्यात बुरशीचे फांद्यांसारखे धागे स्पष्ट दिसले. पिशवीच्या नमुन्यात एकही नव्हता. म्हणजे दोन शेजारी जागांवर दोन वेगळे आजार होते. ही तपासणी महत्त्वाची आहे, कारण स्टेरॉइडने बिघडलेल्या गजकर्णाच्या कडा पुसट होतात आणि अशी बुरशी कधीकधी पिशवीवरही चढते. अशा वेळी नुसत्या डोळ्यांवर विसंबले तर चूक होते.

नळी बंद केली. पहिले काही दिवस खाज उफाळेल, हे आधीच सांगून ठेवले, नाहीतर माणूस चौथ्या दिवशी पुन्हा दुकानात जातो. मांडीसाठी बुरशीविरोधी गोळ्या दिल्या. भारतात टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला दाद न देणारी बुरशी पसरली असल्याने इट्राकोनाझोल निवडले, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही काही काळ ते चालू ठेवले. पिशवीवर स्टेरॉइडऐवजी टॅक्रोलिमसचे मलम, त्यावर साधी पेट्रोलियम जेली, आणि रात्रीच्या खाजेसाठी झोप आणणारी अँटिहिस्टामिनची गोळी. टॅक्रोलिमस सुरुवातीला थोडे झोंबते, पण तेवढ्यासाठी ते सोडू नये. साबण त्या जागेवर पूर्ण बंद केला; कोमट पाण्याने धुऊन, न चोळता टिपून कोरडे करायला सांगितले.

खरी अडचण कपड्यांची होती. आषाढात बेळगावला दोरीवरचा कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही आणि चड्डीचे इलास्टिक तर आत ओलसरच राहते. भट्टीच्या उष्णतेत ते घामाने पुन्हा भिजते. त्यांनी घट्ट सिंथेटिक चड्ड्या सोडून सैल सुती चड्ड्या घेतल्या, दुपारच्या सुट्टीत बदलायला एक जादा नेऊ लागले, आणि पत्नी सकाळी शिवणीवरून गरम इस्त्री फिरवू लागली. पत्नीच्या कमरेवरही चट्टा निघाला, तेव्हा तिच्यावरही उपचार केले, नाहीतर एकाच दोरीवरून बुरशी परत आली असती.

मांडी सहा आठवड्यांत साफ झाली. पिशवीवरची जाडी विरायला तीन महिने लागले. एवढे करूनही एखादा चट्टा एकाच जागी न हलता राहिला, त्यावर ओल किंवा जखम दिसली, तर मी त्याचा लहान तुकडा बायॉप्सीला पाठवतो, कारण पॅजेटचा आजार हा त्वचेचा दुर्मीळ कर्करोग इसबाचाच चेहरा घेऊन येतो. या गृहस्थांना त्याची गरज पडली नाही. शेवटच्या भेटीत त्यांनी सांगितले, की आता रात्री बायको हात धरून ठेवत नाही.